दोन दिवसांच्या खोलीची वजावट

माझं डोकं लवकर तापतं. माजलगावजवळच्या साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर बसतो आणि ऊस घेऊन येणारा प्रत्येक ट्रॅक्टरवाला हे ओळखून आहे. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, रिकाम्या गाडीचं घ्यायचं, मोळ्यांच्या बांधणीची वजावट करायची आणि उरलेल्या आकड्याची पावती फाडायची, एवढंच माझं काम. पण त्या वजावटीवरून रोज कुणीतरी हुज्जत घालतो, आणि इतकी वर्षं मी प्रत्येकाला एकच उत्तर देत आलो: "नियमात हाय. पुढची गाडी घ्या."

त्या दिवशी दुपारी अशीच रांग लागलेली असताना मोबाइलवर विमा कंपनीचा मेल आला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ऑपरेशनचा क्लेम मंजूर झाला होता. मागितले होते दोन लाख चोवीस हजार. मंजूर झाले एक लाख सत्तेचाळीस हजार तीनशे तेहतीस. बाकीचे का कापले, याला दोन ओळी होत्या. तीन हजार 'देय नसलेल्या वस्तूं'चे, आणि त्र्याहत्तर हजार सहाशे सदुसष्ट 'खोलीभाड्याच्या पात्रतेनुसार प्रमाणशीर कपात'. मी तो मेल तीनदा वाचला. मागून हॉर्न वाजत होते. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून एकाला अशी शिवी दिली की कारखान्याचा सुरक्षारक्षक धावत आला.

पैसे गेले याचा राग होताच. पण खरी भीती दुसरीच होती, आणि ती आबांची होती.

आबा तलवाड्याला राहतात. आयुष्य मेंढरांमागं गेलं. शाळा चौथीपर्यंत, पण संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना नुसत्या नजरेनं सांगतात, "एक कमी हाय." बोटं मोडत नाहीत, आकडा पुटपुटत नाहीत. आणि खरंच एक कोकरू ओढ्यात अडकलेलं सापडतं. एका सकाळी कळप बाहेर काढतानाच त्यांच्या छातीत कळ आली. चुलतभावानं जीपमध्ये घालून बीडला नेलं आणि तिथल्या एका खासगी हृदयरोग दवाखान्यात त्याच दुपारी अँजिओप्लास्टी झाली. एका नळीत स्टेंट बसला. दुसऱ्या नळीतही अडथळा होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो आता लगेच करत नाही, हृदयाला जरा सावरू द्या. पण सहा आठवड्यांच्या आत घेऊन या. त्याहून लांबवू नका, आणि तोवर चढ चढायचा नाही."

बिल भरताना मेंढरं विकली. साठातली बावीस. आबा अंथरुणात होते, सौदा चुलतभावानं केला. घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी आबा वाड्याच्या तोंडाशी उभे राहिले, कळप आत गेला आणि ते काहीच बोलले नाहीत. एरवी एक कमी असलं तरी बोलणारा माणूस.

दुसऱ्या स्टेंटचं विचारलं तेव्हा म्हणाले, "इम्याचं पैसं येऊ दी. तू म्हनला व्हतास ना, कागद हाय म्हनून?"

म्हणालो होतो. चार वर्षांपूर्वी ती पॉलिसी मीच काढली. पाच लाखांची. दरवर्षी हप्ता भरताना आबा म्हणायचे की एवढ्यात दोन मेंढ्या येतील, आणि मी म्हणायचो की वेळ आल्यावर कळेल. आता वेळ आली होती आणि कळत होतं ते भलतंच. दवाखाना सोडून वीस दिवस झाले होते. उरले तीन आठवडे.

आबांना आकडा फोनवर सांगितला. फोनमधून मेंढरांची घुंगरं ऐकू येत होती.

"मंग राहू दी दुसरं," ते म्हणाले. "आणिक बावीस इकली तर राहतंय काय? मला बरं हाय."

"आबा, डॉक्टरनी सांगितलंय..."

"डाक्टरला म्हनावं तू मेंढरं सांभाळ." आणि फोन ठेवून दिला.

पॉलिसी ज्याच्याकडून काढली त्या एजंटाचं माजलगावला मार्केट यार्डासमोर छोटं ऑफिस आहे. मी ड्यूटी सुटल्यावर तसाच गेलो. त्यानं मेल वाचला, मान हलवली आणि चहा मागवला. "भाऊ, डिलक्स रूम कशाला घेतली? रोजची लिमिट पाच हजार, तुमी घेतली साडेसात हजाराची. म्हंजे तीन भागातले दोनच मिळनार. खोलीलाच न्हाई, सगळ्या बिलाला. सगळ्या कंपन्या असंच करतात. आलं तेवढं गोड माना." चहा तसाच ठेवून मी उठलो, कारण आणखी दोन मिनिटं बसलो असतो तर तो चहा त्याच्या अंगावर गेला असता.

डिलक्स रूम. ते दोन शब्द घरी येईपर्यंत डोक्यात ठणकत राहिले, कारण ती खोली मीच घेतली होती.

आमच्याकडं माणूस दवाखान्यात गेला की गाव बघायला जातं. न गेलेल्याचं नाव वर्षभर निघतं. आबा दोन दिवस अतिदक्षता विभागात होते, तिसऱ्या दिवशी दोन खाटांच्या खोलीत आणले आणि तलवाड्याहून जीपा यायला लागल्या. दवाखान्याचा नियम, एका वेळी एक माणूस, तोही पास घेऊन, संध्याकाळी तासभर. खाली जिन्यावर पंधरा-वीस माणसं बसून राहिली. त्यात माझी आत्या होती, आबांची थोरली बहीण. गुडघ्यांनी अधू. तिची पाळी येईपर्यंत तास संपला. आबांना हे कळलं आणि त्यांनी रात्रीचं ताट सरकवलं. "बहीन पायरीवर बसलीय आन मी हितं गादीवर झोपू व्हय?"

सकाळी मी काउंटरवर जाऊन डिलक्स खोली मागितली. सोफा होता आणि भेटायला वेळेचं बंधन नव्हतं. दोन दिवस माणसं येत राहिली, आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, आबा जेवले. खोली कुठून आली असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "दवाखान्यानंच दिली, तुमचं चांगलं चाललंय म्हणून." त्यांना ते खरं वाटलं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, दवाखान्यानं लई मान दिला.

म्हणजे आबांचा दुसरा स्टेंट माझ्या खोलीनं अडवला होता. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा मला रडू आलं. खरं सांगायला लाज कसली.

त्या रात्री रागातच कंपनीला पत्र लिहिलं. सव्वा पान झालं. चोर, लुटारू, गोरगरिबांच्या टाळूवरचं लोणी, असं सगळं त्यात आलं. माझी बायको शिक्षिका आहे, पाचवीपासूनच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तिनं ते पत्र लाल पेनानं तपासल्यासारखं वाचलं आणि विचारलं, "अहो, यात कंपनीनं नक्की काय चुकवलं ते कुठंय?"

मी पत्र घडी घालून बाजूला ठेवलं. उत्तर मिळालं ते दुसऱ्या दिवशी काट्यावर, तेही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून. त्याच्या बैलगाडीची पावती मी खिडकीतून सरकवली, त्यानं वजावटीच्या आकड्यावर बोट ठेवलं. मी म्हणालो, "काका, नियमात हाय."

"आसंल की," तो शांतपणे म्हणाला. "कुटं लिवलाय त्यो नियम, तेवडा दाव."

मला तो दाखवता येईना. परिपत्रक कुठल्या तरी कपाटात होतं, मी स्वतः ते कधी वाचलेलं नव्हतं. साहेबांना विचारून शोधून काढलं, त्याला वाचून दाखवलं. तो मान हलवून निघून गेला. मी मात्र तिथंच अडकलो. प्रमाणशीर कपात नियमात आहे, हे मला एजंटानं सांगितलं होतं. नियम कुठं लिहिलाय, हे मी तरी कुठं पाहिलं होतं?

पॉलिसीचं पुस्तक घरी देवाच्या फोटोमागं होतं. इंग्रजी, बारीक अक्षर, साठेक पानं. बायकोनं दोन संध्याकाळी बसून ते पहिल्या पानापासून वाचलं, मी शेजारी वही घेऊन. खोलीभाड्याची मर्यादा कलम चारमध्ये होती: रोज विमा रकमेचा एक टक्का, म्हणजे आमचे पाच हजार. त्याहून महाग खोली घेतली तर 'संलग्न वैद्यकीय खर्च' त्याच प्रमाणात कमी होतील, असंही होतं. माझं तोंड उतरलं. एजंट खरं बोलला होता.

"थांबा," बायको म्हणाली. "संलग्न खर्च म्हणजे काय, ते व्याख्यांमध्ये असणार."

ती पानं मागं चाळत गेली. व्याख्या सापडली आणि तिनं ती एकेक शब्दावर बोट ठेवून मराठीत सांगितली. औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू यात धरायच्या नाहीत. शरीरात बसवलेली उपकरणं धरायची नाहीत. तपासण्या धरायच्या नाहीत. खाली आणखी दोन ओळी: अतिदक्षता विभागाच्या शुल्काला ही कपात लागू नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या प्रकारानुसार उपचारांचे दर बदलत नाहीत, तिथं ही कपात मुळीच लागू नाही.

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. कंपनीनं स्टेंटचाही तिसरा हिस्सा कापला होता, गोळ्यांचाही, रक्ततपासणीचाही. आबा साध्या खोलीत होते त्या दिवसाचं भाडंसुद्धा तिसऱ्या हिश्शानं कापलं होतं, ते तर मर्यादेच्या आतलं.

पण आमच्याकडचं बिल बघितलं तर त्यात एकच जाडजूड ओळ होती: 'अँजिओप्लास्टी पॅकेज, एक लाख चाळीस हजार'. त्यात स्टेंट किती, डॉक्टरांची फी किती, काही पत्ता नाही. हे वेगळं केल्याशिवाय कलम लावायचं कशाला? रजा टाकून मी बीडला गेलो.

दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीवर एक बाई बसतात. चष्मा, समोर कायम गर्दी, आवाज बसलेला. त्या म्हणाल्या, "भाऊ, पॅकेजचं ब्रेकअप देत न्हाईत आमी."

"ताई, माझ्या बापाच्या छातीत काय बसवलं त्याची किंमत मला कळू नये?"

माझा आवाज चढला होता. गर्दी वळून बघायला लागली. बाई उठून आत गेल्या आणि अर्ध्या तासानं कागद घेऊन आल्या. डॉक्टरांची फी पंचेचाळीस हजार, कॅथलॅब, म्हणजे ऑपरेशनची खोली, तीस, स्टेंट अडतीस, नळी उघडायचा फुगा-तार वगैरे सत्तावीस. सोबत स्टेंटच्या खरेदीची पावती, आणि फाइलमधल्या स्टेंटच्या स्टिकरची झेरॉक्स. बॅच नंबर डिस्चार्ज कार्डावरच्या नंबराशी जुळत होता.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "क्लेम कापलाय ना? ह्यो ब्रेकअपचा कागद राहू द्या. ‘साधी खोली शिल्लक नव्हती म्हणून डिलक्स दिली’ असं लिहून देते. लई जन नेतात. काम होतं."

मी हो म्हणालो. एका दमात हो म्हणालो. त्या कागदात माझी चूकच पुसली जात होती. आबांना काही सांगावं लागणार नव्हतं, त्यांना मिळालेला मान तसाच राहणार होता. शिक्का मारलेलं ते पत्र खिशात घालून मी बसमध्ये बसलो आणि माजलगाव येईपर्यंत तीनदा खिशाला हात लावून पाहिला.

घरी बायकोनं पत्र वाचलं. पॉलिसीचं पुस्तक उघडलं आणि एक पान माझ्यासमोर धरलं. खोटी कागदपत्रं किंवा खोटं निवेदन दिल्याचं आढळलं तर पॉलिसीखालचे सगळे लाभ रद्द होतील, असं कलम होतं. "आबा आधी साध्या खोलीतच होते. बिलातच आहे ते. ती खाट कुणाला दिली, हे कंपनीनं विचारलं तर? दुसऱ्या स्टेंटचाही क्लेम याच पॉलिसीवर करायचाय आपल्याला."

"मग काय करू? आबांना सांगू की मी..."

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "हे पत्र जाणार नाही."

मी ते फाडलं. फाडताना तिच्यावर राग काढला, ताटावर काढला, आणि मग तिच्या शेजारी गुपचूप बसलो. ती दवाखान्याची बिलं एकाखाली एक लावत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "दवाखान्यात दरफलक असतो ना? अँजिओप्लास्टीचा दर डिलक्सला वेगळा आहे का?"

मला आठवलं. बिलाच्या खिडकीशेजारी भिंतीवर फलक होता. खोल्यांचे दर चार प्रकारचे आणि खाली उपचारांचे दर, प्रत्येकाला एकच आकडा. सगळ्या खोल्यांना तोच. मी त्याच्याखाली उभा राहून भांडलो होतो आणि वर पाहिलं नव्हतं.

पुन्हा रजा, पुन्हा बीड. बाईंना मी म्हणालो, "ताई, ते पत्र नको. जे खरं हाय तेच लिहून द्या. तुमच्याकडं खोली बदलली म्हणून डॉक्टरची फी बदलत न्हाई, तपासणी बदलत न्हाई, एवढंच." त्यांनी चष्मा काढून पुसला. सही व्यवस्थापकाची लागणार होती आणि व्यवस्थापक गुरुवारी येणार होते. तो दिवस होता सोमवार. मी गुरुवारी सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो, आत्या बसली होती तिथंच. दुपारी पत्र मिळालं. दरपत्रकाची प्रतही त्यांनी सही-शिक्क्यानं जोडून दिली.

पण मधल्या काळात आबा चढावर गेले होते. कळपातली एक शेळी माळावर गेली म्हणून. चुलतभावानं फोनवर सांगितलं की वर जाऊन दगडावर बसून राहिले, घामाघूम झाले होते, कुणाला सांगू नको म्हणाले. त्या क्षणी मला कंपनीपेक्षा आबांचाच राग आला. उरले होते सोळा दिवस.

पत्र दोन पानांचं झालं. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे, विषयात क्लेम क्रमांक. एकही शिवी नाही. मधे एक तक्ता: बिलातली ओळ, रक्कम, कंपनीनं कापलेली रक्कम, कोणतं कलम, जोडपत्र क्रमांक कोणता. स्टेंट, फुगा-तार, औषधं, तपासण्या, अतिदक्षता विभागाचे दोन दिवस आणि साध्या खोलीचा एक दिवस, मिळून सव्वा लाख. यावर कापलेले एक्केचाळीस हजार सहाशे सदुसष्ट व्याख्येनुसारच कापता येत नाहीत. डॉक्टरांची फी, कॅथलॅब आणि तपासायला येण्याची फी मिळून एक्याऐंशी हजार. दवाखान्याचे दर खोलीनुसार बदलत नसल्यानं त्यावरचे सत्तावीस हजारही कापता येत नाहीत. डिलक्सच्या दोन दिवसांचे जादा पाच हजार आणि देय नसलेल्या वस्तूंचे तीन हजार आम्हाला मान्य. म्हणून येणं अडुसष्ट हजार सहाशे सदुसष्ट. शेवटी दोन वाक्यं: पंधरा दिवसांत निर्णय द्यावा, रुग्णाचा दुसरा उपचार याच महिन्यात व्हायचा आहे, समाधान न झाल्यास आम्ही पुण्याला विमा लोकपालांकडे जाऊ.

आणि एक वाक्य मी स्वतः घातलं. "डिलक्स खोली आम्हीच मागून घेतली होती, भेटायला येणाऱ्या माणसांसाठी."

"हे लिहायची गरज नाही," बायको म्हणाली.

"हाय," मी म्हणालो.

पॉलिसी आबांच्या नावावर, त्यामुळं सही त्यांचीच लागणार होती. तलवाड्याला गेलो तेव्हा ऊन उतरत होतं, आबा वाड्याशेजारी बाजेवर बसले होते. न वाचता सही करणार नाही म्हणाले. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. मग ते खोलीचं वाक्य आलं. मी ते मोठ्यानं वाचलं.

आबा कळपाकडं बघत होते. "दवाखान्यानं दिलती म्हनला व्हतास."

"खोटं बोललो. आत्या पायरीवर बसली होती म्हणून मीच मागितली. तुमच्या मेंढरांचे पैसे मीच घालवले, आबा."

मला वाटलं आता कागद फेकतील. त्यांनी पेन मागितलं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "बहीन बसली ना सोप्यावर? मंग चोराचा माल हाय का त्यो? ऱ्हाऊ दी लिवलेलं." आणि एकेक अक्षर कोरून सही केली, तिरपी, कागदाबाहेर जाऊ पाहणारी.

पत्र मेलनं गेलं आणि रजिस्टर पोस्टानंही. त्यानंतरचे दिवस मी काट्यावर बसून फोन बघत काढले. पाचव्या दिवशी 'तक्रार नोंदवली' एवढंच आलं. आठव्या दिवशी त्यांनी स्टेंटची पावती मागितली, जी जोडपत्र चारमध्ये होती. मी फोन आपटायला उचलला आणि बायकोची आठवण होऊन खाली ठेवला. "जोडपत्र चार पाहावे" एवढंच उत्तर तिनं टाइप केलं आणि पावती पुन्हा जोडली. दहाव्या, अकराव्या दिवशी काही नाही. मी आबांना रोज फोन करायचो, ते रोज विचारायचे, "आलं का?" आणि मी न्हाई म्हणालो की म्हणायचे, "मंग बघू." रात्री झोप लागायची नाही. सावकाराकडं न जाता पैसे कुठून उभे करायचे, आणि आबा तरीही आले नाहीत तर उचलून न्यायचे का, असलं काहीबाही डोक्यात चालायचं.

तेराव्या दिवशी मेल आला. फेरतपासणीत आपली मागणी मान्य. अडुसष्ट हजार सहाशे सदुसष्ट. आकडा अगदी तोच. खिडकीसमोर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याला मी पावती दिलीच नाही, बाहेर जाऊन त्याला मिठी मारली. बिचारा घाबरला. तीन आठवड्यांपूर्वी शिवी खाल्लेला तोच होता, हे मला नंतर कळलं.

आबा शब्दाला जागले, विम्याचे पैसे मंजूर झाले म्हटल्यावर दवाखान्यात यायला तयार झाले. पण निघायच्या आदल्या दिवशी पारावर जाऊन सगळ्यांना सांगून आले, "मला बघाय कुनी यायचं न्हाई. खोली ल्हान हाय." मला वाटलं, ऐकतील लोक.

दुसरा स्टेंट ठरल्याप्रमाणं बसला, सहा आठवडे भरायला एक दिवस राहिला असताना. या वेळी दोन खाटांची खोली, भाडं साडेतीन हजार, मी स्वतः फॉर्मवर लिहून खाली सही केली. घरी सोडायच्या दिवशी मी खाली बिलाच्या खिडकीवर होतो. बाईंनी न मागता पॅकेज फोडून दिलं होतं आणि मी एकेक ओळ पेनानं तपासत होतो. तेवढ्यात फोन वाजला. आबा वरून बोलत होते.

"खिडकीत उभाय मी. ती लिंबाखाली बसल्यात बघ, रस्त्याच्या पल्याड. आपलं गाव हाय सगळं. येऊ नका म्हनलं तरी आल्यात."

मी दारातून वाकून पाहिलं. समोरच्या लिंबाखाली पंचवीसेक माणसं रुमाल अंथरून बसली होती. आत्याला कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. सगळी वर बघत होती.

"एक कमी हाय," आबा फोनवर म्हणाले.

"कोण?"

"तूच की. कुटं हायस?"

"बिल वाचतोय, आबा."

"वाचून झालं की ये वर," ते म्हणाले. "घाई न्हाई. नीट वाच."